बीठल कुठे कुठे? शब्दसूची आणि ग्रंथसाहिबातले नामदेव

नांदेड-लातूर भागात संत नामदेवांवर व्याख्यान असले की दोन विधाने हमखास ऐकायला मिळतात. पहिले असे : नामदेव उत्तरेत गेले, निर्गुणाकडे वळले आणि त्यांचा विठ्ठल पंढरपुरातच राहिला. दुसरे नेमके उलटे : शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात विठ्ठलाचे नाव आहे, म्हणजे पंढरीची भक्तीच तिथे पोचली. दोन्ही विधाने टाळी घेतात. दोन्हींचा आधार एकाच शब्दावर आहे आणि तो शब्द ग्रंथात नेमका कुठे, कसा, कोणाच्या तोंडी आला हे पाहण्याचे कष्ट दोन्हींकडून क्वचितच घेतले जातात. नामदेवांचे नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. ज्या ग्रंथात त्यांची पदे आहेत त्या ग्रंथाला गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली गुरुपद दिले ते नांदेडला, गोदावरीच्या काठी. दोन्ही ठिकाणे इतकी जवळ असताना हा शोध आपल्याकडेच नीट व्हायला हवा, असे मला वाटते.

हे तपासण्याचे साधन म्हणजे शब्दसूची. धर्मग्रंथातला एक शब्द घ्यायचा, तो जिथे जिथे आला ती सगळी ठिकाणे एकत्र मांडायची आणि मग बोलायचे. आज हे काम संगणकावर क्षणात होते. पण क्षणात मिळालेले उत्तर पूर्ण असतेच असे नाही, आणि पूर्ण असले तरी त्याचा अर्थ आपोआप हाती लागत नाही. ‘बीठल’ हा एकच शब्द घेऊन ही वाट कुठवर जाते आणि कुठे थांबते ते मी या लेखात दाखवणार आहे.

आधी ग्रंथाविषयी थोडे. गुरू अर्जनदेवांनी 1604 साली आदिग्रंथ सिद्ध केला. गुरूंच्या वाणीबरोबर त्यात कबीर, रविदास, फरीद, त्रिलोचन अशा भक्तांचीही वाणी आहे. नामदेवांची 61 पदे 18 रागांत विभागलेली आहेत. आज छापल्या जाणाऱ्या प्रतीची 1430 पाने असतात. पानाला ‘अंग’ म्हणतात आणि प्रत्येक प्रमाण प्रतीत तीच ओळ त्याच अंगावर येते. शब्दसूचीसाठी ही मोठी सोय आहे. 485 हा आकडा सांगितला की अमृतसरला, नांदेडला आणि परदेशातल्या गुरुद्वाऱ्यातही तेच पान उघडते. आपल्या गाथांना हे भाग्य लाभलेले नाही. तुकाराम गाथेचा अभंगक्रमांक सांगताना कोणती प्रत हे आधी सांगावे लागते.

या स्थिर पानांमुळेच ग्रंथसाहिबाच्या सूच्या संगणकाच्या पुष्कळ आधी तयार झाल्या. अकाली कौरसिंग निहंग यांचा ‘गुरुशब्द रत्नप्रकाश’ 1923 सालचा. त्यात ग्रंथातल्या ओळी अकारविल्हे लावलेल्या आहेत. ओळीची सुरुवात आठवत असेल तर ती कुठे आहे ते त्यावरून सापडते. काहनसिंग नाभांचा ‘महान कोश’ 1930 चा. तो विश्वकोशाच्या वळणाचा आहे, शब्दाचा अर्थ देऊन उदाहरणे देतो. प्रत्येक शब्दाची प्रत्येक जागा देणारी सूची मराठी वाचकाच्या हाताशी आली ती 1996 साली. विनांद कॅलवर्ट या बेल्जियन अभ्यासकाने दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांच्याकडून दोन भागांत ग्रंथसाहिब प्रसिद्ध केला. एका भागात देवनागरी लिपीत संहिता आणि दुसऱ्यात तिची संपूर्ण शब्दसूची. मुकुंद लाठ यांच्याबरोबर नामदेवांच्या हिंदी पदावलीवर काम करणारे कॅलवर्ट ते हेच.

देवनागरीचा इतका आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. गुरुमुखी सूची उघडली की कारण लक्षात येते. गुरुमुखीची वर्णमाला स्वरवाहक तीन अक्षरांनी सुरू होते आणि लगेच स आणि ह येतात, मग क. मराठी बोटे ‘स’ शोधायला सूचीच्या शेवटाकडे जातात आणि शब्द नाही असे समजून परत येतात. ‘ब’ मात्र आपल्या सवयीच्याच जागी, फ च्या नंतर, सापडतो.

आता शोधाला लागू. मराठी माणूस पहिल्यांदा ‘विठ्ठल’ शोधतो आणि त्याला काहीही मिळत नाही. इथेच पहिले विधान करणारा खूष होतो : बघा, विठ्ठल नाही. पण उत्तरेत आपला ‘व’ अनेकदा ‘ब’ होतो. ‘ठ्ठ’ हे जोडाक्षर ग्रंथात त्या रूपात येत नाही, कारण द्वित्त दाखवणारे ‘अद्दक’ हे आजच्या पंजाबीतले चिन्ह ग्रंथसाहिबाच्या लेखनात वापरलेले नाही. द्वित्त गेल्यावर आधीचा स्वर लांबतो आणि शब्द ‘बीठल’ होतो. म्हणून शोध ‘बीठल’चा घ्यायला हवा.

तो घेतला तरी काम संपत नाही. ग्रंथात हा शब्द ‘बीठलु’ असाही आहे आणि ‘बीठल’ असाही. शेवटचा तो ऱ्हस्व उकार हौसेने आलेला नाही. जुन्या भाषेत पुल्लिंगी एकवचनी नाम कर्ता किंवा कर्म म्हणून आले की त्याच्या अंती उकार येतो, आणि पुढे शब्दयोगी अव्यय लागले की तो गळतो. ‘बिनु’ म्हणजे विना. त्याच्या आधी ‘बीठल’ असेच रूप येते, ‘बीठलु’ नाही. ज्ञानेश्वरी वाचलेल्याला हे परके वाटणार नाही. देवु, जीवु, अर्जुनु ही रूपे आपल्याकडेही त्याच नियमाने येत होती आणि पुढे बोलण्यातला उकार गेला तसा लेखनातलाही गेला. ग्रंथसाहिबात लेखन राखले गेले, उच्चार मात्र बदलला. नांदेडला तख्त सचखंड हजूर साहिबात पाठ ऐकताना हे सहज कळते : पाठ करणारे ग्यानीजी पानावर ‘बीठलु’ असताना उच्चार ‘बीठल’ असाच करतात. कानाने ऐकून जो शोधायला बसेल आणि नेमका तेवढाच अख्खा शब्द शोधायला सांगेल, त्याला उकारान्त जागा मिळणारच नाहीत.

तिसरे रूप आणखी चकवणारे आहे. काही ठिकाणी ‘ठ’लाच उकार आहे : बीठुला, बीठुलै. इथे ‘बीठल’ हा तुकडा शोधूनही उपयोग नाही, कारण ठ आणि ल यांच्यामध्ये स्वरचिन्ह आले आहे. संगणकाच्या दृष्टीने ती वेगळीच अक्षरमाला. छापील सूचीत ही रूपे एकाखाली एक असतात, डोळा सहज खाली सरकतो आणि ती दिसतात. पडद्यावर मात्र आपण जे मागू तेवढेच मिळते, शेजारचे दिसत नाही. ग्रंथाची गुरुमुखी संहिता साध्या फाइलमध्ये हाताशी असेल तर सगळी रूपे एका दमात अशी मागता येतात :

```
grep -nE 'ਬੀਠੁ?ਲ' granth.txt
```

त्यातल्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की त्याच्या आधीचा उकार असला तरी चालेल, नसला तरी चालेल. शब्दाच्या शेवटी काय आहे याची अट घातलेलीच नाही, त्यामुळे बीठल, बीठलु, बीठुला, बीठुलै ही सगळी एकत्र येतात. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. त्या काळच्या फॉन्टमध्ये ‘बीठलु’ हा शब्द प्रत्यक्षात `bITlu` अशा रोमन अक्षरांनी साठवलेला असे आणि फॉन्ट त्याला गुरुमुखीचे रूप देई. अशा फाइलीत वरची आज्ञा दिली तर उत्तर येईल शून्य. एकही जागा सापडली नाही तर ग्रंथात शब्द नाही असे म्हणण्याआधी, जो शब्द ग्रंथात असल्याची खात्री आहे असा एखादा, उदाहरणार्थ ‘नामु’, शोधून पाहावा. तोही मिळाला नाही तर दोष फाइलीत आहे.

SikhiToTheMax सारख्या शोधयंत्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ओळीतल्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर देऊन ओळ शोधण्याची त्यातली सोय कीर्तन ऐकणाऱ्यांसाठी फार उपयोगी आहे, पण ती ओळ शोधते, शब्द नव्हे. शिवाय अशा यंत्रांत दसम ग्रंथ आणि भाई गुरदासांच्या वाराही असतात. उत्तरात आलेली ओळ कोणत्या ग्रंथातली हे पाहिल्याशिवाय ‘ग्रंथसाहिबात आहे’ असे म्हणू नये. नांदेडला दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो, त्यामुळे आपल्याकडे हा घोटाळा व्हायला जास्त वाव आहे.

इतके करून जागा हाती आल्या की मोजण्याचा मोह होतो. तो आवरावा असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण राग आसातल्या एका पदात आहे. अंग 485 वरचे हे पद. देवाला अंघोळ घालायला घागर भरून आणावी तर पाण्यात आधीच असंख्य जीव नांदत आहेत. फुलांची माळ करावी तर भुंग्याने वास आधीच घेतला आहे. दुधाची खीर करावी तर वासराने दूध आधीच उष्टे केले आहे. मग अर्पण तरी काय करायचे? जिकडे तिकडे तोच तर आहे. या एका छोट्या पदात ‘बीठल’ सात वेळा येतो. एकदा धृपदात, तीन वेळा तीन कडव्यांच्या शेवटी फिरून येणाऱ्या प्रश्नात आणि तीन वेळा समारोपाच्या एका ओळीत. म्हणजे सातातल्या तीन जागा एकाच वाक्याच्या पुनरावृत्तीच्या आहेत. शिवाय धृपद, ज्याला ग्रंथात ‘रहाउ’ म्हणतात, ते लिहिले जाते एकदा आणि गाताना मात्र प्रत्येक कडव्यानंतर येते. तेव्हा शब्द किती वेळा आला याला पानावरचे उत्तर एक आणि कीर्तनातले दुसरे. ‘नामदेवांनी अमुक इतक्या वेळा विठ्ठलाचे नाव घेतले’ या वाक्यातला आकडा अशा चार धृपदांनी दुप्पट होऊ शकतो. पदे किती, हे मोजणे त्यामानाने सुरक्षित.

सूचीतून मिळालेल्या सगळ्या जागा इथे मांडण्यापेक्षा चार जागा सावकाश वाचू. आसातले पद ही पहिली. त्यात विठ्ठलाचे नाव आहे, आणि ते ज्या वाक्यात आहे ते वाक्य मूर्तीला स्नान, माळ, नैवेद्य या पूजेला प्रश्न विचारते. पहिले विधान, की नामदेवांचा विठ्ठल मागे राहिला, इथे टिकत नाही. दुसरे, की नाव आहे म्हणजे मंदिरातली भक्तीच पोचली, तेही टिकत नाही. भाषा पाहिली तर पदाचा पहिला शब्दच ‘आनीले’ आहे, आपला ‘आणिले’. ‘भराईले’ त्याच्या पाठोपाठ येते आणि ‘काइ’ म्हणजे आपले ‘काय’. नाव पुसून टाकायचे असते तर ते मराठी वळणाच्या शब्दांत इतके घट्ट बसले नसते.

दुसरी जागा राग गोंडमधली, अंग 874-875. इथे ‘नामे’ आणि ‘बीठलु’ हे दोन शब्द शेजारी आहेत : नामदेवाने विठ्ठल पाहिला, तोही आज. ‘नामे’ हे तृतीयेचे रूप, जुन्या मराठीतल्या ‘नामें’सारखे, म्हणजे ‘नाम्याने’. यापुढे पद पांड्याला उद्देशून बोलते, गायत्री, महादेव, रामचंद्र यांच्याविषयीच्या कथांची थट्टा करते आणि शेवटी सांगते की हिंदू देवळाला पुजतो, मुसलमान मशिदीला, नामा मात्र ज्याला देऊळही नाही आणि मशीदही नाही त्याला सेवतो. दर्शन विठ्ठलाचे झाले आणि त्याच दर्शनाच्या बळावर देऊळ नाकारले, असा हा क्रम आहे. एका पदाच्या दोन टोकांतले हे अंतर सूचीत दिसत नाही. सूची फक्त पहिली ओळ दाखवते. जो तेवढीच वाचून थांबेल त्याच्या हाती सगुण दर्शनाचा पुरावा लागेल, आणि जो शेवटच्या ‘देहुरा’ या शब्दावरून शोधत येईल त्याच्या हाती निर्गुणाचा.

तिसरी जागा राग भैरउमधली, अंग 1165. सुलतानाने नामदेवांना पकडले आहे आणि मेलेली गाय जिवंत करून दाखव म्हणतो, ती कथा. इथले रूप ‘बीठुला’ असे आहे, कारण त्याला ‘बाधिला’शी यमक जुळवायचे आहे. बाधिला म्हणजे बांधला. मराठी -इला प्रत्ययाने विठ्ठलाचे रूपच वळवले. पण खरी गंमत पुढे आहे. हा ‘बीठुला’ नामदेवांच्या तोंडी नाहीच. तो सुलतानाच्या तोंडी आहे : तुझा हरी बीठुला मला पाहायचा आहे. शब्दसूची या जागेची नोंद नामदेवांच्या नावावर करते, कारण पद त्यांचे. बोलणारा मात्र त्यांचा विरोधक आहे. मग नामदेवांच्या हाकेला जो येतो तो गरुडावर बसून येतो, अगदी सगुण, चित्रात काढावा असा. त्या ओळींत त्याचे नाव गोविंद, गोपाल असे आहे. म्हणजे ज्याला ‘बीठल’ हा एकच शब्द शोधायचा आहे, त्याला टोमणा सापडेल आणि ज्याच्यासाठी तो टोमणा मारला त्याचे येणे सापडणार नाही. देवाला एकाहून अधिक नावे असलेल्या कोणत्याही वाङ्मयात एका नावाची सूची ही अर्धीच सूची असते.

चौथी जागा नामदेवांची नाही. राग गउडीत अंग 205 वर गुरू अर्जनदेवांच्या एका पदात ‘बीठुलै’ आहे. दयाळू बीठलाने कृपा केली आणि सद्गुरूने दाखवले, असा त्याचा आशय. सूचीखेरीज ही जागा मराठी वाचकाला सापडणे कठीण, कारण तो नामदेवांच्या 61 पदांपलीकडे जातच नाही. ही जागा वादात सर्वांत जास्त वापरली गेली आहे. पंजाबी भाष्यकारांत मान्यता पावलेले प्रा. साहिबसिंग ‘बीठल’ची फोड ‘वि + स्थल’ अशी करतात आणि मायेपासून दूर, अलिप्त असलेला तो बीठल असा अर्थ लावतात. त्या बाजूचा युक्तिवाद असा : मूर्तिपूजा न मानणाऱ्या गुरू अर्जनदेवांनी हा शब्द वापरला, त्या अर्थी तो मूर्तीचा वाचक असू शकत नाही, म्हणून नामदेवांच्या पदांतही तो मूर्तीचा वाचक नाही.

या युक्तिवादाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण शब्दसूचीच्या जोरावर केलेल्या बहुतेक चुकांचा साचा हाच आहे. एका ठिकाणचा अर्थ दुसऱ्या ठिकाणी नेऊन लावायचा, कारण शब्द एक आहे. सगळा ग्रंथ एकाच गुरूची वाणी मानणाऱ्या श्रद्धावंताला तसे करण्याचा अधिकार आहे. ग्रंथ ग्रंथालाच समजावतो, ही त्याची वाचनरीत आहे आणि ती प्रामाणिक आहे. पण इतिहासाचा प्रश्न विचारताना ही रीत चालणार नाही. परंपरेने नामदेवांचा काळ 1270 ते 1350 मानला जातो. गुरू अर्जनदेवांचे पद त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी आले. त्यावरून 1604 च्या संपादकाला ‘बीठल’ कसा कळत होता ते समजते. नामदेवांना तो कसा कळत होता ते समजत नाही. हीच चूक आपले लोक उलट दिशेने करतात. शब्द पंढरीचा आहे, म्हणून गुरू अर्जनदेवांच्या पदातही विटेवरचाच उभा आहे, असे म्हणतात. एका सूचीतून निघालेले हे दोन निष्कर्ष एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत. माझे म्हणणे असे, की आसातल्या पदाला बाहेरच्या साक्षीची गरजच नाही. तो सर्वत्र आहे, हे तिथे नामदेव स्वतः सांगतात आणि तेही विठ्ठल हेच नाव घेऊन सांगतात.

‘बीठल’ निदान एकाच अर्थाने वाचता येतो. नामदेवांचे स्वतःचे नाव शोधायला गेले की सूचीची खरी कसोटी लागते. त्यांचे नाव नामा, नामे, नामदेउ अशा रूपांत येते. त्यातले ‘नामे’ धोक्याचे. गुरू अमरदासांच्या वाणीत ‘नामे’ येतो तो नामदेव म्हणून नव्हे. तिथे अर्थ ‘नामामुळे’, ‘नामानेच’ असा आहे. अक्षरे तीच, व्याकरणातले रूपही तेच, पण एकीकडे माणूस आणि दुसरीकडे ईश्वराचे नाम. ‘नाम’ हा ग्रंथातला अत्यंत वारंवार येणारा शब्द, त्यामुळे अशा जागा थोड्या नाहीत. ‘नामदेउ’ शोधावा तर ‘बाणी नामदेउ जी की’ असे मथळे मोजणीत शिरतात, जे नामदेवांनी लिहिलेले नाहीत. उलट एक जागा अशी आहे की जी मथळ्यांवरून शोधणाऱ्याला कधीच सापडणार नाही. कबीरांच्या सलोकांमध्ये 212 आणि 213 हे दोन सलोक नामदेव आणि त्रिलोचन यांच्या संवादाचे आहेत. मायेत का गुंतलास, असे त्रिलोचन विचारतात आणि हातपाय कामात ठेवून चित्त निरंजनाशी ठेवावे असे नामदेव उत्तर देतात. नोंद कबीरांच्या मालिकेत आहे, नाव नामदेवांचे. ते शब्दानेच सापडते.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. सूची शब्दांची असते, आणि जुन्या पोथ्यांत शब्दच सुटे नव्हते. ग्रंथसाहिबाच्या हस्तलिखित प्रती ‘लडीवार’ आहेत, म्हणजे ओळीतली सगळी अक्षरे सलग, मध्ये मोकळी जागा नाही. आपल्या जुन्या पोथ्याही अशाच. आज जी प्रत आपण शोधतो ती ‘पदच्छेद’ केलेली, कोणीतरी शब्द तोडून लिहिलेली असते. पुष्कळ ठिकाणी तोड एकच शक्य असते. काही ठिकाणी नसते. माझ्याच मनाने केलेले उदाहरण घ्या : ‘रामनामाम्हणे’. हे ‘राम, नामा म्हणे’ असे तोडले तर नामदेवांचे नाव मिळते आणि ‘रामनामा म्हणे’ असे तोडले तर नाहीसे होते. सूची पहिल्या तोडीत ही जागा नामदेवांच्या खाली दाखवील, दुसऱ्या तोडीत दाखवणार नाही, आणि दोन्ही वेळा तितक्याच खात्रीने बोलेल. ‘प्रत्येक जागा’ याचा अर्थ म्हणून ‘या संपादकाने जिथे हा शब्द वाचला ती प्रत्येक जागा’ इतकाच धरावा.

हा सगळा व्याप आपल्या बाजूलाही करायला हवा, असे साहजिकच मनात येते. ग्रंथसाहिबातला बीठल आणि मराठी अभंगांतला विठ्ठल शेजारी ठेवून पाहावेत. यात अडचण साधनांची नाही, संहितेची आहे. महाराष्ट्र शासनाने 1970 साली नामदेव गाथा काढली. तिच्यात दोन हजारांहून अधिक रचना आहेत. पण ‘नामा’ ही मुद्रा एकट्या नामदेवांची नाही. विष्णुदास नामा आणि पुढचे इतर नामे त्याच मुद्रेने लिहीत आले आणि शतकानुशतके त्या रचना एकमेकींत मिसळल्या. ग्रंथसाहिबातली 61 पदे 1604 साली बांधली गेली. आपली गाथा त्यानंतरही वाढत राहिली. अशा दोन संहितांतल्या आकड्यांची तुलना करून ‘मराठी नामदेव इतके टक्के सगुण, हिंदी नामदेव इतके टक्के निर्गुण’ असे मांडले, तर ती तुलना एका माणसाच्या दोन अवस्थांची राहत नाही. ती एका बंद पेटीची आणि एका वाहत्या नदीची होते.

तरीही लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांतून नामदेवांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्यांना मी एक काम आवर्जून सुचवतो, आणि ते एका माणसाला एका वर्षात झेपणारे आहे. फक्त 61 पदे घ्यावीत. त्यांतले ईश्वरवाचक सगळे शब्द काढावेत : बीठल, राम, गोविंद, हरी, माधव, केशव, निरंजन. प्रत्येक जागेपुढे चार रकाने करावेत : अंग, शब्दाचे नेमके रूप, ती ओळ कोण बोलतो आहे, आणि त्या पदात देऊळ, मूर्ती किंवा पूजेविषयी काही म्हटले आहे का. पहिले दोन रकाने यंत्र भरून देईल. उरलेले दोन पद अख्खे वाचल्याशिवाय भरता येणार नाहीत. सुलतानाच्या तोंडचा ‘बीठुला’ तिसऱ्या रकान्यात पकडला जाईल, आणि विठ्ठल पाहून देऊळ नाकारणारे गोंड रागातले पद चौथ्यात. व्याख्यानांतल्या त्या दोन विधानांपैकी कोणते किती खरे, याचा हिशेब या तक्त्यावरून करता येईल. मी वाचलेल्या जागांपुरते सांगायचे तर दोन्ही विधाने त्या तक्त्यात बसत नाहीत. नामदेवांनी विठ्ठलाचे नाव सोडले नाही, आणि ते नाव देवळात कोंडूनही ठेवले नाही.